५४ इंचाची छत्री खरंच ५४ इंच असते का? लिस्टिंग नीट वाचायची कशी

मे संपत आला की भाचीचा मेसेज येणारच, "मामा, ही छत्री घेऊ का?" आणि खाली लिंक. आमचं छत्री-रेनकोटचं छोटं दुकान होतं, नंतरची काही वर्षं मी ऑनलाइन विक्रीसाठी लिस्टिंगही लिहायचो, त्यामुळे घरात हे खातं माझ्याकडेच आहे. यंदा तिला नरीमन पॉइंटला नोकरी लागलीये, चर्चगेटला उतरून पंधरा-वीस मिनिटं चालायचं, आणि जून-जुलैमध्ये तिथे समुद्रावरून कसा वारा येतो ते जो रोज चालतो त्यालाच माहीत. तिने पाठवलेल्या लिस्टिंगमध्ये लिहिलं होतं: जंबो साइज ५४ इंच, थ्री फोल्ड, ऑटो ओपन-क्लोज, ८ काड्या, १९०टी पाँजी कापड, १०० टक्के वॉटरप्रूफ, विंडप्रूफ. वाचायला एकदम भारी वाटतं. पण यातला एकेक शब्द नक्की काय सांगतो आणि काय सांगत नाही ते तिला फोनवर समजावताना तासभर गेला, म्हणून म्हटलं नीट लिहूनच काढूया.

आधी आकार, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. छत्रीचा आकार तीन वेगवेगळ्या प्रकारे मोजतात आणि लिस्टिंगवाले बऱ्याचदा त्यातला कुठला ते लिहीतच नाहीत. पहिला म्हणजे एका काडीची लांबी, मधल्या टोकापासून कडेच्या टोपणापर्यंत, दुकानात "२३ इंची छत्री द्या" म्हणतात तेव्हा हीच लांबी असते. दुसरा म्हणजे कमानीचं माप, टेप एका टोकाला धरून छत्रीच्या पाठीवरून घुमटासारखी फिरवत समोरच्या टोकापर्यंत आणायची, म्हणजे साधारण काडीच्या दुप्पट. आणि तिसरा म्हणजे उघडलेल्या छत्रीचा खरा व्यास, खालून एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंत सरळ. आपल्या अंगावर सावली पडते ती या तिसऱ्या मापाची. घुमट वळलेला असतो त्यामुळे व्यास कमानीपेक्षा साधारण १० ते १५ टक्के कमी भरतो.

आता भाचीची ५४ इंची घ्या. ५४ इंच म्हणजे १३७ सेंटीमीटर. हे कमानीचं माप असेल तर काडी झाली २७ इंचाची, आणि खरा व्यास भरेल साधारण ११८ सेंटीमीटर. तुम्ही मनात १३७ चा गोल धरून बसला असाल तर प्रत्यक्षात हातात येणारं छत त्याच्या तीन चतुर्थांशच असतं, कारण व्यास थोडा कमी झाला की क्षेत्रफळ जास्त वेगाने कमी होतं. याला फसवणूक म्हणता येणार नाही, कमानीचं माप देण्याची पद्धत धंद्यात जुनीच आहे, पण "ओपन डायमीटर" असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर आकडा कमानीचा धरायचा आणि मनातल्या मनात १५ टक्के कापायचे. आणखी एक बारीक गोष्ट, ८ काड्यांची छत्री गोल नसते, अष्टकोनी असते, दोन काड्यांच्या मधे कापड आत ओढलेलं असतं, त्यामुळे काडीच्या टोकाशी ११८ असेल तर मधल्या कडेला १०९ च्या आसपास भरतं. १० काड्या असतील तर ही खाच कमी होते.

मग मोठी छत्री म्हणजे जास्त कोरडं, बरोबर? तर इथे वारा मधे येतो, आणि मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं होतं.

पावसाचा मध्यम थेंब, समजा दोन मिलीमीटरचा, साधारण सेकंदाला साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. छत्रीची कड आपल्या डोक्याच्या आसपास आणि गुडघे जमिनीपासून अर्ध्या मीटरवर, म्हणजे कडेपासून गुडघ्यापर्यंत सव्वा मीटरच्या आतबाहेर अंतर. तेवढं अंतर पडायला थेंबाला जेमतेम सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्या वेळात वारा त्याला किती आडवा नेतो? वारा ताशी १० किलोमीटर असेल, म्हणजे झाडाची पानं हलतात एवढाच, तरी अर्धा मीटर. आणि छत्रीच्या दांड्यापासून कडेपर्यंत अंतर किती, १०० सेंटीमीटर व्यासाच्या छत्रीत बरोबर अर्धा मीटर. म्हणजे नुसत्या झुळकीलाच गुडघ्याचा हिशोब संपला. ताशी ३० चा वारा असेल तर थेंब दीड मीटर आडवा सरकतो, आणि तिथे १०० च्या जागी ११८ ची छत्री घेतलीत म्हणून तुम्हाला मिळाले फक्त ९ सेंटीमीटर. तिरक्या पावसात पँट भिजते ती छत्री लहान म्हणून नाही, पाऊस खालून शिरतो म्हणून. उपाय एकच, छत्री वाऱ्याच्या दिशेने तिरकी धरायची, आणि तिरकी धरायची म्हणजे ती हातात पेलवली पाहिजे, आता तेच बघू.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. सोप्या भाषेत, वारा दुप्पट झाला की छत्रीवरचा जोर चौपट होतो. मी मोटामोटी हिशोब करून देतो, छत्रीची आतली पोकळ बाजू वाऱ्याला समोर आली असं धरून. खरा व्यास ९८ सेंटीमीटर असलेल्या छत्रीवर ताशी २० च्या वाऱ्यात साधारण पावणेदोन-दोन किलोचा जोर पडतो, ४० ला साडेसात किलोच्या आसपास, आणि ६० ला सोळा-सतरा किलो. तीच ११८ ची जंबो घेतली तर २० ला पावणेतीन, ४० ला जवळजवळ अकरा, आणि ६० ला चोवीस किलो. म्हणजे तांदळाची पंचवीस किलोची गोणी दोरीला बांधून कोणीतरी तुमच्या मुठीला हिसका देतंय. कुठलंही मनगट हे धरू शकत नाही आणि कुठली काडीही.

मोठं छत आणि वाऱ्यातली ताकद या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध जातात. लिस्टिंगमध्ये "जंबो" आणि "विंडप्रूफ" शेजारी शेजारी लिहिलेलं असतं, पण सांगाडा तोच ठेवून छत वाढवलं तर छत्री वाऱ्याला जास्त कच्ची होते, पक्की होत नाही.

हा जो जोर सांगितला तो पोकळ बाजूचा. हवामान खात्याच्या वेधशाळेत वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र बघितलंय का, तीन-चार वाट्या गरगर फिरत असतात ते? त्या फिरतात कशामुळे, तर वाटीच्या पोकळ बाजूला वारा जेवढा जोर लावतो त्याच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढाच फुगीर बाजूला लावतो, तिथून तो घसरून निघून जातो. छत्री ही तशीच वाटी आहे. फुगीर पाठ वाऱ्याकडे ठेवलीत तर अकराचे तीन-चार किलो होतात, आणि ते हातात धरता येतात. उलटी होते ती बहुतेक वेळा वळणावर, इमारतीच्या कोपऱ्यावरून वळलात आणि वारा एकदम खालून किंवा पाठीमागून आत शिरला की. उंच इमारतींच्या मधल्या गल्लीत वारा कोंडून जोर धरतो, नरीमन पॉइंटला असे कोपरे पावलापावलावर आहेत. भाचीला मी सांगितलं, कोपरा यायच्या आधी छत्री खाली घे, डोक्याला जवळजवळ टेकव, कोपरा वळ, वारा कुठून येतोय ते बघ आणि मग छत्रीची पाठ तिकडे कर.

आता सांगाडा. दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या छत्र्या एका टोपलीत पडलेल्या असायच्या आणि मी शाळेतून आलो की त्या उघडून बघायचो, दहातल्या बऱ्याच छत्र्या एकाच जागी गेलेल्या असायच्या. वरची लांब काडी आणि तिला खालून आधार देणारी तिरकी काडी जिथे रिव्हेटने जोडलेल्या असतात, तिथे. कारण सरळ आहे, रिव्हेटसाठी काडीला भोक पाडलेलं असतं, भोकापाशी पत्रा कमी उरतो, आणि वाऱ्याचा सगळा वाक तिथेच येतो. स्टीलची काडी म्हणजे पन्हळीसारखा दुमडलेला पत्रा असतो, तो एका मर्यादेपर्यंत ताठ राहतो आणि मग एकदम मुडपतो, आणि एकदा मुडपला की सरळ केला तरी पुढच्या वेळी बरोबर तिथूनच जातो. बाबा त्याला वरून पत्र्याची पट्टी गुंडाळून द्यायचे पण गिऱ्हाइकाला आधीच सांगायचे, हा एक सीझन काढेल, जास्त नाही.

फायबरची काडी वाकते आणि परत सरळ होते, म्हणून जोराच्या वाऱ्यात ती बरी. पण लिस्टिंगमध्ये "फायबर रिब्ज" लिहिलं असेल तर फोटो झूम करून बघा, कारण थ्री फोल्ड छत्रीत एकेक काडी तुकड्यांची असते आणि बऱ्याचदा फक्त शेवटचा बाहेरचा तुकडा फायबरचा असतो, आतले स्टीलचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे. फायबर भरीव गोल सळीसारखं दिसतं, स्टील पन्हळीसारखं. घरी आल्यावर फ्रिजवरचं मॅग्नेट लावून बघितलं तर लगेच कळतं, स्टीलला चिकटतं. फायबर तुटलं तर मात्र उभं फाटतं आणि हातात कूस जाते, बारीक असते, पटकन निघत नाही, म्हणून तुटलेली काडी लहान मुलांच्या हातात देऊ नका.

थ्री फोल्डचा दुसरा प्रश्न दांड्याचा. तीन नळ्या एकीत एक सरकणाऱ्या, म्हणजे सगळ्यात आतली नळी सगळ्यात बारीक, शिवाय दोन सांधे. लांब सरळ छत्रीला दांडा एकसंध, काड्याही एकसंध, म्हणून त्याच पैशात ती जास्त टिकते. थ्री फोल्ड पर्समध्ये मावते ही तिची खरी ताकद, आणि ती काही लहान गोष्ट नाही, कारण घरी राहिलेली मजबूत छत्री काही कामाची नसते. फक्त तिच्याकडून लांब छत्रीएवढी अपेक्षा करू नका. काड्यांची संख्या मी सगळ्यात शेवटी बघतो, बारीक १६ काड्यांपेक्षा जाड ८ बऱ्या, आणि वजन जरूर बघतो. २७ इंची थ्री फोल्ड ऑटो छत्री आणि वजन ३०० ग्रॅम लिहिलं असेल तर समजायचं की धातू कुठेतरी वाचवलाय.

"विंडप्रूफ" या शब्दाचं काय? यासाठी सगळीकडे एकच अशी ठरलेली चाचणी नाही, प्रत्येक जण आपापल्या परीने लिहितो. वेग लिहिलेला असेल तर युनिट बघा, ६० मैल म्हणजे ताशी ९६ किलोमीटर, आणि वरचा हिशोब आठवा, त्या वाऱ्यात ९८ सेंटीमीटरच्या छत्रीवर ४० किलोच्या वर जोर पडतो, छत्री टिकली तरी धरणारा माणूस टिकत नाही. प्रामाणिक लिस्टिंगमध्ये दोन गोष्टी असतात. एक, छत्री उलटी झाली तरी न मोडता परत सुलटी होते, असा व्हिडिओ किंवा फोटो, आणि बऱ्याच ऑटो क्लोज छत्र्यांमध्ये बटण दाबून मिटवली की ती आपोआप सुलटी होते. दुसरी, डबल छत, म्हणजे वरच्या बाजूला हवा निसटायला फट आणि तिच्यावर दुसरा कापडाचा थर. पण काही ठिकाणी ती नुसती शोभेची झालर असते, खालचं कापड सलगच असतं, म्हणून छत्रीचा खालून काढलेला फोटो शोधा, तिथे जाळी किंवा मोकळी फट दिसली पाहिजे. नसेल दिसत तर विक्रेत्याला सरळ विचारा.

वारा किती झाला की छत्री मिटायची? बोफर्ट नावाचं वाऱ्याचं एक जुनं मोजमाप आहे, खलाशांचं, त्यात ६ नंबरच्या वाऱ्याचं वर्णनच असं आहे की झाडाच्या मोठ्या फांद्या हलतात, तारांमधून शिट्टीसारखा आवाज येतो आणि छत्री धरणं अवघड जातं. हा वारा ताशी ३९ ते ४९ किलोमीटरचा. म्हणजे आपली हद्द ४० च्या आसपास धरायची. हवामान खात्याच्या इशाऱ्यात "ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने वारे" असं असेल तर छत्री तिरकी धरून, सांभाळून चालेल. "४० ते ५०" असेल तर रेनकोट काढायचा. आणि मच्छिमारांना समुद्रात जाऊ नका असं सांगताना ४५ ते ५५, झोतात ६५ वगैरे आकडे येतात, त्या दिवशी किनाऱ्यालगत छत्रीचा विषयच नको. आकडा बघायला वेळ नसेल तर खिडकीतून झाडाकडे बघा, पानं आणि डहाळ्या हलतायत तोवर ठीक, मोठ्या फांद्या डोलायला लागल्या की झालं.

आणि हे मला कळकळीने सांगायचंय, बाइकवर मागे बसून छत्री उघडू नका. वारा शून्य असला तरी गाडी ४० ने चालली की छत्रीसाठी तो ४० चाच वारा, सात-आठ किलोचा हिसका, तोही मागे. मागे बसलेल्या माणसाचा एक हात छत्रीत अडकलेला, दुसऱ्याने कशाला तरी धरलेलं, आणि समोरून ट्रक गेला की झोत वेगळाच. साडी सांभाळत एका बाजूला बसलेल्या आपल्या आया-मावश्या असं करताना मी दर पावसाळ्यात बघतो आणि पोटात गोळा येतो. शंभर-दीडशे रुपयांचा प्लास्टिकचा रेनकोट डिकीत टाकून ठेवा पण हे करू नका.

कापडाचं सांगायचं तर त्यात छत्रीपुरतं फार काही नाही. १९०टी म्हणजे एक इंच चौकोनात उभे-आडवे मिळून १९० धागे, हा विणीच्या दाटपणाचा आकडा आहे, पाणी अडवण्याचा नाही. पाणी अडवतो तो आतला पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन प्लास्टिकचा, किंवा तसलाच पातळ थर, आणि छत उतरतं असल्यामुळे पाणी थांबतच नाही, म्हणून साधं कापडही चालून जातं. छत्री गळते ती बहुतेक शिवणीतून. घरी आली की एकदा उघडून उलटी धरा, काडीलगतच्या शिवणीवर वाटीभर पाणी ओता आणि दहा मिनिटं थांबा. खालून हात फिरवला की ओल कुठे आहे ते कळतं. शिवणीशी एखाद-दुसरा थेंब आला तर चिंता नको, पण कापडाच्या मधोमध ओल आली तर ती परत पाठवा, तिचा थर कच्चा आहे.

रेनकोटला मात्र हा आकडा महत्त्वाचा, कारण तिथे पाणी दाबाखाली असतं. लिस्टिंगमध्ये "३००० एमएम" असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ कापडावर तीन मीटर उंच पाण्याचा खांब उभा केल्यावर ते गळायला लागतं. पाठीवरच्या सहा किलोच्या सॅकचा पट्टा खांद्याला साधारण अर्ध्या मीटरच्या खांबाएवढा दाब देतो. ओल्या सीटवर बसलात तर सरासरी त्याहून थोडा जास्त, आणि हाडांखाली कितीतरी जास्त. म्हणून शहरात चालायला-गाडी चालवायला ३००० च्या आसपासचं कापड चांगलं काम देतं, पण एका अटीवर, शिवणी आतून टेपने बंद केलेल्या पाहिजेत. सुईची हजारो भोकं उघडी असतील तर कापड दहा हजाराचं असलं तरी खांदा भिजणारच. फोटोत आतली बाजू दाखवलेली असेल तर शिवणीवर चकचकीत पट्टी दिसते, "सीम सील्ड" असा शब्द असतो. नुसतं "वॉटर रिपेलंट" असेल तर ते कापडावरून थेंब ओघळण्याबद्दल आहे, अर्धा तास धो-धो पावसाबद्दल नाही.

कोकणात भात लावणाऱ्या बायका वापरायच्या ते इरलं आठवतं का, बांबूच्या कामट्या आणि पानांचं, डोक्यावरून पाठीवर उतरणारं? त्याला मूठ नाही, दांडा नाही, वाकलेल्या अंगावर ते बसतं आणि दोन्ही हात लावणीला मोकळे राहतात. रेनकोट हा त्याच घरातला, आणि वारा असला की तोच कामाचा.

भाचीने शेवटी ती ५४ इंची नाही घेतली. २३ इंची लांब छत्री घेतली, काड्या पूर्ण फायबरच्या, डबल छत, खरा व्यास एक मीटरच्या आसपास, लिस्टिंगमध्ये नव्हता लिहिलेला म्हणून तिने विक्रेत्याला विचारून घेतला. आणि सॅकमध्ये सीम सील्ड ३००० वाला, गुडघ्याखाली जाणारा रेनकोट. तिला एकच काम लावून दिलंय, ऑफिसमधून आल्यावर दोन्ही उघडून पंख्याखाली वाळवायचं, कारण ओलं घडी घालून ठेवलं की रिव्हेट गंजतात आणि पीयूचा थर दोन-तीन पावसाळ्यात चिकट होऊन खवल्यांसारखा सुटायला लागतो, मग लिस्टिंगमध्ये काहीही लिहिलेलं असू दे.